वारसनोंदीचे ‘चहापाणी’: कोणी मागितले नव्हते, तरी आम्ही पैसे दिले

माळरान

गेल्या वर्षी भाद्रपदात माझे वडील वारले. सातारा जिल्ह्यात आमची तीन एकरांच्या आसपास जिरायत जमीन आहे आणि वारस म्हणून आई, मी, धाकटा भाऊ आणि बहीण असे चौघेजण आहोत. आमच्यात कसलाही वाद नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी जोडून मी तलाठी कार्यालयात अर्ज दिला आणि पुण्याला परतलो. त्यानंतर तीन वेळा रजा टाकून गावी जावे लागले. पहिल्या वेळी सांगण्यात आले की स्वयंघोषणापत्र जोडलेले नाही. ते जोडून नेले, तेव्हा बहिणीच्या सासरचा पूर्ण पत्ता नसल्याचे लक्षात आणून दिले गेले. तिसऱ्या वेळी भाऊसाहेब तालुक्याला बैठकीस गेलेले होते. या साऱ्यात कोणीही माझ्याशी उद्धटपणे वागले नाही आणि कोणीही पैशाचा शब्द काढला नाही.

चौथ्या वेळी चुलते बरोबर आले. दाराजवळच्या टेबलावर एक तरुण मुलगा बसलेला असतो. तो सरकारी नोकर नाही, पण अर्ज तोच घेतो आणि संगणकही तोच चालवतो. चुलत्यांनी आठ-अच्या उताऱ्याची घडी केली, तिच्यात पाचशेच्या सहा नोटा ठेवल्या आणि “भाऊसाहेबांच्या चहापाण्याचं बघा” एवढेच म्हणून ती त्याच्यापुढे सरकवली. त्याने नोटा मोजल्या नाहीत. उतारा काढून घेऊन परत दिला आणि हात आपोआप खणाकडे गेला. आठवड्याभरात नोटिसा निघाल्या आणि पुढच्या महिन्यात सातबाऱ्यावर आमची चौघांची नावे लागली.

परत येताना मी चुलत्यांना विचारले की त्यांनी मागितले नसताना आपण का दिले. ते म्हणाले, “आजोबा गेले तेव्हा तुझ्या वडिलांनीही दिले होते. ती रीतच आहे.” माझे वडील शाळामास्तर होते आणि त्यांनी आयुष्यात कोणाच्या चहाचीही बाकी ठेवली नाही. मला सर्वांत जास्त टोचते ते हे की नोटा गेल्या त्या क्षणी मला लाज वाटली नाही, सुटल्यासारखे वाटले. कोणी मागितल्याशिवाय दिली जाणारी ही रक्कम ‘रीत’ कशी होते, हे मला समजून घ्यायचे आहे.

बांधावरून

आमचीही वारसनोंद करायची आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्र किती रुपयांच्या मुद्रांकावर केले आणि ते तहसीलला केले की नोटरीकडे? बहिणीची सही लागते का? लवकर कळवल्यास बरे होईल, कारण सोसायटीचे कर्ज जूनच्या आधी नवे-जुने करायचे आहे.

माळरान

बांधावरून, कागदपत्रांची यादी तुम्हाला वेगळी कळवतो. माझा प्रश्न कागदपत्रांचा नव्हता. पण तुमचे शेवटचे वाक्य मात्र माझ्या प्रश्नाशी जोडलेले आहे असे वाटते. तुम्हालाही जूनची घाई आहे.

संगणकमित्र

माझ्या मते हा प्रश्न आता जुना झाला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, वारसनोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून करता येतो आणि खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती दुय्यम निबंधकांकडून आपोआप ई-फेरफारमध्ये जाते. तुम्ही प्रत्यक्ष कार्यालयात गेलात म्हणून पैसे द्यावे लागले. जिथे माणूस माणसाला भेटत नाही तिथे लाच राहत नाही. आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका, कारण अडवणूक झाल्यावर देणारा कायद्याने दोषी नसतो, घेणाराच असतो.

दप्तरी

महसूल खात्यात माझी बत्तीस वर्षे गेली. तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. संगणकमित्र यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. पूर्वी नुसत्या सातबाऱ्याच्या नकलेसाठी वीस-पन्नास रुपये ‘वरचे’ द्यावे लागत आणि ते पंधरा रुपयांच्या उताऱ्याने खरोखरच बंद झाले. नक्कल मिळणे ही तयार वस्तू मिळण्यासारखी गोष्ट आहे. यंत्र ती देऊ शकते. फेरफार नोंदीत मात्र कोणीतरी पाऊल उचलावे लागते, आणि पैसे गोळा होतात ते त्या पावलापाशी.

अर्ज आला की तलाठी वारसांची नोंद तपासतो, मग गाव नमुना सहामध्ये फेरफार धरतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते आणि नोंदीची प्रत चावडीवर लावायची असते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. आता नीट पाहा. हे पंधरा दिवस कायद्याने बांधलेले आहेत, ते कोणालाही कमी करता येत नाहीत आणि त्यांच्यासाठी कोणी पैसेही देत नाही. पैसे दिले जातात ते या पंधरा दिवसांच्या आधीच्या आणि नंतरच्या मोकळ्या जागेसाठी. अर्ज आल्यापासून फेरफार धरेपर्यंत किती दिवस? नोटीस काढल्यापासून ती बजावल्याची तारीख संगणकात भरेपर्यंत किती दिवस? मुदत संपल्यापासून मंडळ अधिकाऱ्याची सही होईपर्यंत किती दिवस? बजावल्याची तारीख भरली जात नाही तोवर मुदतीचे घड्याळ चालूच होत नाही. अर्ज ऑनलाइन आला तरी ही तारीख भरणारा हात तोच असतो.

दुसरी गोष्ट त्रुटींची. माळरान यांना एका वेळी एकच त्रुटी सांगितली गेली. हे अनेकदा ठरवूनही होत नाही. समोरचा कागद पाहून पहिली उणीव दिसली की माणूस तिथेच थांबतो. पण सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवण्याची शिस्त जिथे असते तिथे अर्जदार एकदाच परत येतो, आणि जिथे नसते तिथे तो तीनदा येतो. तिसऱ्या खेपेनंतर मागण्याची गरज उरत नाही. खेपाच मागतात. आमच्या वेळचा एक तलाठी फार मऊ बोलायचा. त्याने कधी कोणाकडे तोंड उघडून पैसे मागितल्याचे मी ऐकले नाही, आणि सजेत सर्वांत जास्त पैसे त्यालाच मिळत.

माळरान, तुम्हाला सुटल्यासारखे वाटले ते यासाठी. तुम्ही नोंद विकत घेतली नाही, नोंद तुमचीच होती. तुम्ही एक तारीख विकत घेतलीत.

शुभदा

माझा अनुभव वेगळ्या ठिकाणचा आहे, पण तो इथे मांडावासा वाटतो. माझ्या पहिल्या बाळंतपणात सरकारी रुग्णालयात मुलगी झाली तेव्हा मावशींनी बाळ आणून दाखवले आणि सासूबाईंकडे “पेढ्यांचे” दोनशे मागितले. दुसऱ्या वेळी मुलगा झाला, तेव्हा पाचशे. सासूबाईंनी दोन्ही वेळा आनंदाने दिले. त्या मावशींनी माझे खरोखर खूप केले होते आणि त्यांना काही द्यावे असे मलाही मनापासून वाटत होते. मग याला लाच म्हणायचे का? आणि नसेल, तर भाऊसाहेबांना दिलेल्या चहापाण्याला तरी का म्हणायचे?

दप्तरी

शुभदाताई, तुमचा प्रश्न सोपा नाही. मी स्वतःपुरती एक कसोटी वापरत असे. काम पूर्ण झाल्यावर, पुढे कधीच संबंध येणार नाही अशा माणसाने दिले, तर ती बहुधा कृतज्ञता असते. सरकारी नोकराने तेही घेऊ नये, पण देणाऱ्याच्या मनात तरी भीती नसते. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे दोनशे नव्हते तेव्हा तिचे बाळ तिला किती वेळाने दाखवले गेले? तुमच्या आनंदाच्या पेढ्यांनी तिच्यासाठी दर ठरवला असेल, तर तुमच्या मनातला भाव शुद्ध असूनही तिला ती लाचच पडली.

शुभदा

शेजारच्या खाटेवर एक ऊसतोड कामगार बाई होती. तिच्याकडे काही मागितले का, हे मी पाहिले नाही. त्या दिवसांत माझे तिकडे लक्षच नव्हते.

कोर्टकचेरी

वकील म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात, कारण वर एक विधान चुकीचे आले आहे. देणारा दोषी नसतो ही समजूत आता धरता येत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 मध्ये 2018 साली दुरुस्ती झाली आणि कलम 8 प्रमाणे लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. ज्याला देणे भाग पाडले गेले त्याला संरक्षण आहे, परंतु त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे. आधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर तोही गुन्हा ठरत नाही. त्यातही एक न सुटलेला मुद्दा आहे. कलम 8 मधील शब्द लोकसेवकाला कर्तव्य ‘अयोग्य रीतीने’ पार पाडायला लावण्याविषयी आहेत. माळरान यांना तर योग्य तेच काम हवे होते. असे पैसे देणाराही त्यात येतो का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र शंका नाही. काम नियमाप्रमाणेच केले, किंवा पैसे दुसऱ्या माणसाच्या हातून आले, म्हणून तो सुटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘त्यांनी मागितलेच नाही’ हे वाक्य पक्षकारांच्या तोंडून मी नेहमी ऐकतो आणि त्याचा अर्थ ते असा लावतात की म्हणजे गुन्हाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता खटल्यात हे स्पष्ट केले आहे की देणाऱ्याने आपणहून पुढे केलेले पैसे लोकसेवकाने स्वीकारले तर आधीची मागणी सिद्ध करण्याची गरज नाही. तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी मागणी आणि स्वीकृती परिस्थितीजन्य पुराव्याने सिद्ध करता येते, हेही त्याच निकालात आहे. पण कागदावरचा कायदा आणि सापळ्याची पद्धत यांत अंतर राहते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार गेली की ते आधी मागणीची पडताळणी करतात. तक्रारदाराजवळ ध्वनिमुद्रक दिला जातो, पंच बरोबर पाठवले जातात आणि मागणीचे शब्द उमटले की मग नोटांना पूड लावून सापळा लावला जातो. जिथे कोणी शब्दच उच्चारत नाही, “पुढच्या आठवड्यात या” एवढेच म्हणते, तिथे पडताळणीत काहीच हाती लागत नाही. मी तर म्हणेन की ही शांतता काही प्रमाणात सापळ्यांमुळेच आली आहे. सापळ्यांनी उघड मागणारे पकडले, आणि न मागता मिळवणारे शिकून शहाणे झाले. दाराजवळचा तो खासगी मुलगाही याच कारणासाठी तिथे बसलेला असतो.

दप्तरी

शेवटच्या वाक्याला मी पूर्ण सहमत नाही. तो मुलगा नेहमी पैसे घेण्यासाठीच ठेवलेला नसतो. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजांचा कार्यभार असतो. पीक पाहणी, पंचनामे, निवडणूक, अनुदानाच्या याद्या, सगळे त्याच्याच गळ्यात. कागद, छपाई, इंटरनेट यांसाठी मिळणारी तरतूद पुरत नाही, म्हणून तो स्वतःच्या खिशातून मदतनीस ठेवतो. वरिष्ठांचा दौरा असला की जेवणाची व्यवस्थाही त्यानेच करायची, अशी अपेक्षा मी माझ्या नोकरीत अनेकदा पाहिली. मीही ती व्यवस्था केली आहे आणि तिचा खर्च कोठून आला हे आज लपवत नाही. पहिल्या वर्षी मी तो पगारातून केला. दुसऱ्या वर्षी एका खातेदाराने नोंद झाल्यावर टेबलावर दोनशे रुपये ठेवले आणि मी ते परत केले नाहीत. त्या रात्री मी स्वतःला सांगितले की हे माझ्यासाठी नाही, कार्यालयाच्या खर्चासाठी आहे. वर्षभरात हा फरक माझा मलाच सांगता येईना. पुढे मुलीच्या आजारपणात मी ते घेणे सोडले, त्यामागची कारणे इथे सांगण्यासारखी नाहीत. हे सांगण्यामागे समर्थनाचा हेतू नाही. घेणाऱ्याच्या बाजूनेही सवय एका दिवसात लागत नाही, तिला आधी एक सभ्य नाव मिळावे लागते, एवढेच दाखवायचे होते. ‘चहापाणी’ हे नाव देणाऱ्याला जितके सोयीचे आहे तितकेच ते मलाही होते.

नांगरट

दप्तरीसाहेबांनी मन मोकळे केले याचा आदर आहे. पण मी शेतकरी म्हणून सांगतो, इथे सगळे पुण्या-मुंबईच्या अंगाने विचार करत आहेत. मला सोसायटीचे पीककर्ज पेरणीच्या आधी लागते. सातबाऱ्यावर मेलेल्या बापाचे नाव असेल तर कर्ज होत नाही. मग सावकाराकडून महिन्याला शेकडा तीन रुपयांनी उचलावे लागते. पन्नास हजारांचे दोन महिन्यांचे व्याज तीन हजार झाले. तालुक्याच्या चार खेपा, प्रत्येक खेपेला बुडालेला दिवस आणि भाडे धरले तर आणखी दोन हजार. समोर दोन हजारांत काम होत असेल तर मी देणारच, आणि त्यात मला रीत वगैरे काही दिसत नाही, हिशेब दिसतो. चांगुलपणाची किंमत ज्याला परवडते त्याने ती मोजावी.

माळरान

नांगरट, तुमचा हिशेब मला पटतो आणि म्हणूनच अस्वस्थ करतो. तुमच्याकडे घाई होती म्हणून तुम्ही दिलेत. माझ्याकडे तर कसलीच घाई नव्हती. कर्ज नव्हते, विक्री करायची नव्हती. नोंद वर्षाने झाली असती तरी माझे काही अडत नव्हते. तरीही मी दिले, कारण तुमच्यासारख्या घाई असलेल्या लोकांनी ठरवलेला दर माझ्या चुलत्यांना पाठ होता. त्यांनी तीन हजारांचा आकडा कोणालाही न विचारता कसा काढला, याचा मी नंतर विचार केला. गावात मागच्या दोन-तीन नोंदींना किती गेले हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि जमीन थोडी, वाद नाही, मुलगा पुण्यात नोकरीला, एवढ्यावरून रक्कम ठरते.

नांगरट

ते खरे आहे. आमच्याकडेही बाहेर राहणाऱ्याला जास्त पडतात. पण माझ्या गरजेमुळे तुम्हाला भुर्दंड पडला असे म्हणणार असाल तर मला तो आरोप मान्य नाही. दर मी ठरवलेला नाही.

कृष्णाकाठ

मी हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहावे की नाही याचा विचार करत होते. तुम्ही सर्वजण ज्या पैशाबद्दल बोलत आहात तो योग्य कामाला गती देण्याचा पैसा आहे. त्याच टेबलावर, त्याच घडीतून दुसरे काम कसे होते ते मी सांगते.

माझे वडील वारल्यावर माझ्या दोन्ही भावांनी वारसनोंद केली. अर्जातल्या वारसांच्या यादीत आई आणि दोन मुलगे एवढेच होते. आम्हा दोघी बहिणींचा उल्लेखच नव्हता. गावात प्रत्येकाला ठाऊक आहे की आम्ही आहोत. वडिलांच्या दहाव्याला आम्ही तिथेच होतो. तरीही चौकशी झाली नाही, आम्हाला नोटीस आली नाही, कारण यादीत नाव नसलेल्याला नोटीस जात नाही, आणि चावडीवर लावलेला कागद सांगलीत राहणाऱ्या मला कसा दिसणार? नोंद प्रमाणित झाली. मला ते चार वर्षांनी कळले, तेव्हा भावाने जमिनीचा एक तुकडा विकायला काढला होता. भावाला विचारले तर तो म्हणाला, “सगळ्यांचे होते तसेच केले, नेहमीचे पैसे दिले.” नेहमीचे. त्याला खरोखरच असे वाटते की त्याने काही वेगळे केले नाही.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे हे मला ठाऊक आहे. पण तो हक्क आता मला सिद्ध करत बसावे लागते आहे. माळरान, तुमच्या बहिणीचे नाव लागले याचा मला आनंद आहे. तिचा पत्ता मागणारा माणूस तुम्हाला अडवणारा वाटला. माझ्या वेळी कोणीतरी तो पत्ता मागायला हवा होता.

दप्तरी

कृष्णाकाठताई, तुमचे लिखाण वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. त्रुटीविषयी मी वर जे लिहिले ते अपुरे होते हे तुम्ही दाखवून दिलेत. तीच चौकशी एका ठिकाणी अडवणूक असते आणि दुसऱ्या ठिकाणी ती एकमेव ढाल असते. पाकिटाची सवय लागलेल्या कार्यालयात या दोन्हींतला फरकच संपतो, कारण पाकीट आले की चौकशी बंद होते, मग ती निरर्थक असो वा आवश्यक असो. मी घेतलेल्या काही नोंदींमध्ये मी बहिणींबद्दल विचारले होते का, हे आता आठवण्याचा प्रयत्न करतो आहे. सर्वच नोंदींबद्दल मला खात्रीने हो म्हणता येत नाही.

उपाय म्हणून, प्रमाणित झालेल्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम 247 खाली अपील करता येते. मुदत साठ दिवसांची आहे. ती उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत द्यावा आणि नोटीस मिळाली नव्हती हे त्यात स्पष्ट लिहावे. नोटीस बजावल्याचा पुरावा मूळ फेरफाराच्या कागदपत्रांत असायला हवा. त्याची नक्कल आधी काढा.

कोर्टकचेरी

त्याला एक जोड देतो. फेरफार नोंद ही महसूल आकारणीसाठी असते. तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही आणि ती नसल्यामुळे बुडतही नाही. त्यामुळे विक्री थांबवायची असेल तर अपिलावर विसंबू नका, दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि मनाईचा अर्ज यांचा विचार लगेच करा.

संगणकमित्र

सात दिवसांची अट मला माहीत नव्हती, दुरुस्तीबद्दल आभार. तरीही मला असे वाटते की नोटीस बजावल्याची तारीख टपालाच्या पोचपावतीवरून आपोआप भरली गेली, तर दप्तरीसाहेबांनी सांगितलेली मोकळी जागा बरीच कमी होईल. यंत्रणेवरचा माझा विश्वास भाबडा असेल, पण पंधरा रुपयांच्या उताऱ्याने एक दर संपला हे तुम्हीही मान्य केले आहे.

दप्तरी

मान्य आहे. तो संपला. पण उतारे संगणकावर चढवताना नावात आणि क्षेत्रात ज्या चुका झाल्या, त्या दुरुस्त करण्यासाठी कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करावे लागतात, आणि त्या अर्जांचा नवा दर काही ठिकाणी तयार झाला. म्हणून मी तुमच्याइतका निश्चिंत नाही.

माळरान

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. वडिलांच्या नावावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज फिटलेले आहे, पण सातबाऱ्यावरचा बोजा उतरलेला नाही. या वेळी मी चुलत्यांना न सांगता गेलो. सोसायटीचे निल दाखल्याचे पत्र, अर्ज आणि जोडलेल्या प्रत्येक कागदाची यादी दोन प्रतींत नेली आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मागितली. त्या मुलाने माझ्याकडे बघितले आणि विचारले, “काका नाही आले का?” त्याच्या आवाजात कसलाही लोभ नव्हता. ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसेच त्याने विचारले. मी नाही म्हणालो. त्याने शिक्का शोधायला बराच वेळ घेतला, पण पोच दिली.

त्याला अकरा दिवस झाले. संकेतस्थळावर पाहिले, तर नोंद अजून धरलेली नाही. आईने काल दूरध्वनीवर विचारले की काकांना बरोबर न्यायला काय झाले होते. दप्तरीसाहेब, यानंतर काय करावे?

दप्तरी

पोचेची छायाप्रत जोडून तहसीलदारांना लेखी अर्ज द्या. त्यात तक्रारीची भाषा नको. अर्ज अमुक तारखेला दिला, नोंद कोणत्या टप्प्यावर आहे आणि काही त्रुटी असल्यास त्या सर्व एकत्र लेखी कळवाव्यात, एवढेच विचारा. त्याचीही पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ही सेवा तुमच्या तालुक्यात अधिसूचित आहे का, तिची कालमर्यादा किती आणि प्रथम अपील कोणाकडे करायचे, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. तो वाचून त्याचे छायाचित्र घ्या. वेळ लागेल. तुमच्या आईला मात्र आजच सांगून ठेवा की या खेपेला वेळ लागणार आहे, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच तुमच्या चुलत्यांना पाठवतील.

माळरान

चुलते आज सकाळी जाऊन आले, असे भावाने आत्ता कळवले. त्यांनी काही दिले की नाही हे त्याला माहीत नाही, आणि मला त्यांना विचारता येत नाही. संकेतस्थळ दर तासाला उघडून पाहतो आहे. उद्या नोंद धरलेली दिसली, तर ती माझ्या पोचेमुळे धरली गेली की त्यांच्यामुळे, हे मला कधीच कळणार नाही. तहसीलदारांचा अर्ज तरीही लिहून ठेवला आहे, सोमवारी देतो.